हारूत-मारूतची गोष्ट कुठून आली? फरिश्ते आणि जिन यांच्याविषयीची रिवायत कशी तपासावी

हारूत आणि मारूत या दोन फरिश्त्यांची गोष्ट बहुतेक मुसलमान घरांत कुणी ना कुणी सांगितलेली असते. कधी नानीकडून ऐकलेली, कधी उर्दू 'कससुल अंबिया'च्या जुन्या प्रतीत वाचलेली, कधी एखाद्या बयानातून कानावर पडलेली. माणसं पृथ्वीवर पापं करतात अशी तक्रार फरिश्त्यांनी केली. अल्लाहने सांगितलं, तुमच्यातले दोघे निवडा आणि त्यांना खाली पाठवा. हारूत-मारूत माणसाच्या वासना घेऊन उतरले. जुहरा नावाच्या देखण्या बाईवर ते भुलले, तिच्या हट्टापायी दारू प्यायले, नशेत व्यभिचार केला आणि हे पाहणाऱ्याचा खूनही केला. बाईने त्यांच्याकडून आकाशात जाण्याचा मंत्र काढून घेतला, ती वर गेली आणि तिची शुक्राची चांदणी झाली. फरिश्त्यांना या जगातली शिक्षा की आखिरतची, असं विचारलं गेलं. त्यांनी या जगातली निवडली. बाबिलच्या विहिरीत ते आजही उलटे टांगलेले आहेत.

गोष्ट रंगतदार आहे आणि तिचा धागा कुरआनच्या एका खऱ्या आयतीला बांधलेला आहे, म्हणून ती टिकली. फरिश्ते आणि जिन यांच्याविषयी जे काही आपण ऐकतो, त्यातलं पक्कं किती आणि लोककथा किती हे ठरवायची जुन्या आलिमांची रीत समजून घ्यायची असेल, तर यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. ही एक रिवायत त्यांनी कशी उलगडली ते नीट पाहिलं की तीच रीत इतरत्र स्वतः वापरता येते. अरबी येत नसली तरी चालेल. तफसीरच्या मोठ्या ग्रंथांचे उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अनुवाद आता सहज मिळतात.

आधी आयत आणि गोष्ट वेगळी करा

पहिलं काम अगदी साधं आहे आणि बहुतेक लोक नेमकं तेच करत नाहीत. आयत उघडून वाचा: सूरह बकरा, आयत 102. तिच्यात काय आहे ते कागदाच्या एका बाजूला लिहा आणि ऐकलेल्या गोष्टीत जास्तीचं काय आहे ते दुसऱ्या बाजूला.

आयतीत असं आहे. सुलैमान यांच्या राज्याच्या नावावर शैतान जे सांगत होते त्याच्या मागे लोक लागले. सुलैमान यांनी कुफ्र केलं नाही, शैतानांनी केलं. ते लोकांना जादू शिकवत होते. पुढे बाबिलमधल्या हारूत आणि मारूत या दोन फरिश्त्यांचा आणि त्यांच्यावर जे उतरलं त्याचा उल्लेख येतो. आपण केवळ एक परीक्षा आहोत, तू कुफ्र करू नकोस, असं बजावल्याशिवाय ते कुणाला काही शिकवत नसत. लोक त्यांच्याकडून नवरा-बायकोत ताटातूट करणारी विद्या शिकत. अल्लाहच्या परवानगीशिवाय मात्र ती कुणाला इजा करू शकत नव्हती. आणि हा सौदा करणाऱ्याला आखिरतमध्ये काही वाटा नाही.

आता दुसरी बाजू पाहा. बाई नाही. दारू, खून, व्यभिचार नाही. शुक्र नाही, विहीर नाही, शिक्षेची निवड नाही. ते दोघे का उतरले याचं कारणही नाही. फरिश्त्यांनी पाप केलं असं तर कुठेच नाही. उलट शिकवण्याआधी ते ताकीद देतात. म्हणजे गोष्टीचं जवळजवळ सगळं मांस आयतीच्या बाहेरून आलेलं आहे.

या टप्प्यावर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आयतीच्या अर्थावरसुद्धा सुरुवातीपासून मतभेद आहेत. बसराचे हसन बसरी इथे फरिश्त्यांऐवजी दोन राजे असा अर्थ होईल असा पाठ वाचत. तेराव्या शतकातले अंदलुसी मुफस्सिर कुर्तुबी वाक्याची रचना नकारार्थी लावतात, म्हणजे फरिश्त्यांवर जादू उतरलीच नव्हती. त्यांच्या साडेतीनशे वर्षं आधीचे तबरी (मृत्यू 923) मात्र ती होकारार्थी लावतात. जादू ही परीक्षा म्हणून उतरवली गेली आणि फरिश्त्यांनी आज्ञेनुसारच ती सांगितली, म्हणून त्यांच्याकडे दोष जात नाही, असं ते म्हणतात. या वादात तुम्हाला निकाल द्यायचा नाही. पण आयतीचाच अर्थ इतका बारकाईने तपासला जातो, तिथे आयतीबाहेरची गोष्ट तपासल्याशिवाय घेता येणार नाही, एवढं यातून कळतं.

मग सनद कुठे जाऊन थांबते ते पाहा

सनद म्हणजे रिवायत कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी. गोष्ट मोठ्या ग्रंथात आहे म्हणजे ती पक्की, असा समज सोडून द्यायला हवा. ग्रंथात ती कुणाच्या तोंडून आली आहे हा खरा प्रश्न.

हारूत-मारूतची गोष्ट इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू 855) यांच्या 'मुस्नद'मध्ये आहे, आणि तिथली साखळी थेट पैगंबर मुहम्मद (स.) यांच्यापर्यंत जाते. जुहैर बिन मुहम्मद यांनी मूसा बिन जुबैर यांच्याकडून, त्यांनी नाफेअ यांच्याकडून, नाफेअ यांनी अब्दुल्लाह बिन उमर यांच्याकडून आणि त्यांनी पैगंबरांकडून ऐकली. नुसती ही सनद पाहिली तर माणूस म्हणेल, झालं, हदीस आहे. इब्न हिब्बान यांनी ती आपल्या 'सहीह'मध्ये घेतलीही.

चौदाव्या शतकात दमिश्कमध्ये बसून तफसीर लिहिणारे इब्न कसीर (मृत्यू 1373) इथे थांबत नाहीत. त्यांचं पहिलं निरीक्षण असं की साखळीतली बाकी माणसं नावाजलेली आहेत, पण मधले मूसा बिन जुबैर यांची स्थिती स्पष्ट नाही. इब्न हिब्बान यांनीही त्यांना भरवशाच्या रावींच्या यादीत ठेवताना, हे चुकतात आणि इतरांच्या विरुद्ध सांगतात, असा शेरा मारलेला आहे. याचा अर्थ ते खोटारडे होते असा नाही. त्यांच्या एकट्याच्या जोरावर इतकी मोठी गोष्ट तोलता येत नाही, एवढाच अर्थ.

दुसरं निरीक्षण निर्णायक आहे. हीच गोष्ट इब्न उमर यांच्याकडूनच दुसऱ्या वाटेनेही आली आहे. यमनचे अब्दुर्रज्जाक सनआनी (मृत्यू 827) यांच्या तफसीरमध्ये ती सुफयान सौरी यांच्याकडून, त्यांना मूसा बिन उक्बा यांच्याकडून, त्यांना सालिम यांच्याकडून आणि सालिम यांना त्यांचे वडील इब्न उमर यांच्याकडून मिळाली. आणि इब्न उमर यांनी ती ऐकली कुणाकडून? पैगंबरांकडून नाही, कअब अल-अहबार यांच्याकडून.

कअब हे यमनचे यहुदी विद्वान. पैगंबरांच्या निधनानंतर त्यांनी इस्लाम स्वीकारला, पुढे ते शाममधल्या हिम्स शहरात राहिले आणि तिथेच वारले. जुन्या ग्रंथांचं त्यांचं वाचन दांडगं होतं. सृष्टीची उत्पत्ती, फरिश्ते, पूर्वीचे नबी यांच्याविषयीच्या गोष्टी ते सांगत आणि सहाबीही त्या आवडीने ऐकत. अशा वाटेने आलेल्या मजकुरालाच पुढे इस्राईलियात हे नाव पडलं.

आता दोन वाटा समोर आहेत. एक म्हणते मूळ पैगंबर, दुसरी म्हणते मूळ कअब. यातली कोणती उचलायची? इब्न कसीर दोन्ही साखळ्यांतली माणसं समोरासमोर ठेवतात. एका बाजूला मूसा बिन जुबैर, ज्यांची स्थिती अस्पष्ट. दुसऱ्या बाजूला मूसा बिन उक्बा, ज्यांच्यावर हदीसवाल्यांचा पूर्ण भरवसा. एका बाजूला नाफेअ, इब्न उमर यांनी मुक्त केलेले गुलाम. दुसऱ्या बाजूला सालिम, त्यांचे सख्खे चिरंजीव. दोघेही मोठे रावी आहेत, पण इब्न कसीर यांच्या मते बापाच्या गोष्टीत मुलगा अधिक पक्का. त्यामुळे निकाल असा की गोष्ट फिरून फिरून कअब यांच्यापाशी येते आणि तिथून बनी इस्राईलच्या ग्रंथांकडे जाते.

अशी चूक घडते कशी, याचं उत्तरही जुन्या मुहद्दिसांनीच नोंदवून ठेवलं आहे. मदीनेचे बुस्र बिन सईद सांगतात की ते अबू हुरैरा यांच्या बैठकीत बसत. अबू हुरैरा कधी पैगंबरांची हदीस सांगत, कधी कअब यांची गोष्ट सांगत. बैठक उठली की काही श्रोते कअब यांचं बोलणं पैगंबरांच्या नावावर आणि पैगंबरांचं कअब यांच्या नावावर सांगू लागत. इमाम मुस्लिम यांनी ही आठवण आपल्या 'किताबुत्तमयीज'मध्ये घेतली आहे. एका बैठकीत दोन उगमांचं ऐकलं की तोंडातोंडी नाव बदलतं. त्यासाठी कुणी खोटं बोलावं लागत नाही. म्हणून फरिश्ते-जिनांची कुठलीही भरगच्च तपशिलाची रिवायत समोर आली की तिच्या दुसऱ्या वाटा शोधा, आणि त्यांतली एखादी कअब, वह्ब बिन मुनब्बिह किंवा अशाच जुन्या ग्रंथांच्या जाणकारापाशी थांबते का ते पाहा. थांबत असेल, आणि ती वाट जास्त मजबूत असेल, तर पैगंबरांचं नाव त्या गोष्टीला लावू नका.

सनद चांगली, पण कशासाठी चांगली?

याच आयतीच्या खाली तबरी आणि इब्न कसीर एक विलक्षण हकीकत देतात. मला ती जुहराच्या गोष्टीपेक्षा अधिक उपयोगाची वाटते, कारण तिथे वाचक हमखास फसतो.

पैगंबरांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत दूमतुल जंदल या वाळवंटी गावाहून एक बाई हजरत आयेशा यांच्याकडे रडत आली. तिचा नवरा निघून गेला होता. एका म्हातारीने तिला, मी सांगते तसं केलंस तर तो परत येईल, असं सांगितलं होतं. म्हातारीने दोन काळे कुत्रे आणले, दोघी त्यांच्यावर बसल्या आणि बघता बघता बाबिलला पोचल्या. तिथे दोन पुरुष पायांनी टांगलेले होते. त्यांनी तिला परत जा म्हणून समजावलं. ती ऐकेना, तेव्हा तिथल्या तंदूरमध्ये जाऊन लघवी कर, असं सांगितलं. ती दोनदा घाबरून तशीच परत आली आणि केलं म्हणून खोटंच सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी तिला पकडलं. तिसऱ्यांदा तिने खरंच केलं. तेव्हा लोखंडी चिलखतातला एक घोडेस्वार आपल्या अंगातून निघून आकाशात नाहीसा होताना तिला दिसला. तो तुझा ईमान होता, असं तिला सांगण्यात आलं. पुढे तिने जमिनीत गहू टाकून उगव म्हटलं की तो उगवत असे, दळ म्हटलं की दळला जात असे. पण तिला पश्चात्ताप झाला होता आणि तौबा मिळेल का हे विचारायला ती आली होती. सहाबींना काय सांगावं कळेना.

इब्न कसीर या हकीकतीबद्दल दोन गोष्टी म्हणतात. एक, ही फारच आगळी आणि नवलाची आहे. दुसरी, तिची सनद आयेशांपर्यंत चांगली आहे. वाचक इथे चमकतो. सनद चांगली असेल तर बाबिलमध्ये दोघे टांगलेले आहेत हे सिद्ध झालं का?

नाही झालं. सनद आयेशांपर्यंत चांगली, म्हणजे एवढंच पक्कं की अशी एक बाई आयेशांकडे आली आणि तिने असं सांगितलं. सांगणारी बाई कोण हे कुणाला माहीत नाही, ती काय पाहून आली हे तपासायची सोय नाही, आणि पैगंबरांचा शब्द या हकीकतीत कुठेच नाही. दुःखात असलेली, फसवली गेलेली बाई काय पाहते आणि काय समजते हा वेगळाच प्रश्न. सहाबींच्या वागण्यातही हे दिसतं. बाबिलच्या त्या दोघांविषयी त्यांनी काही ठरवल्याचं या हकीकतीत नाही. ते अडले ते तिच्या तौबेच्या प्रश्नावर.

तेव्हा कुणी एखाद्या रिवायतीची सनद सहीह आहे असं म्हणालं की लगेच पुढचा प्रश्न विचारा: सहीह कुणापर्यंत? पैगंबरांपर्यंत, एखाद्या सहाबीपर्यंत, पुढच्या पिढीतल्या ताबिईपर्यंत, की एका अनोळखी माणसाच्या कथनापर्यंत? चर्चेत हा शेवटचा शब्द जाणूनबुजून किंवा घाईत गाळला जातो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

अकीद्याची कसोटी, आणि तिची मर्यादा

अकीद्याचे जुने ग्रंथ फरिश्त्यांबद्दल बोलताना आश्चर्य वाटावं इतके थोडक्यात बोलतात. मिसरचे इमाम तहावी (मृत्यू 933) यांच्या प्रसिद्ध अकीद्यात फरिश्त्यांवर ईमान, कर्मं लिहिणारे दोन फरिश्ते, मृत्यूचा फरिश्ता, कबरीत प्रश्न विचारणारे मुनकर-नकीर, एवढंच येतं. समरकंदचे उमर नसफी (मृत्यू 1142) सांगतात की फरिश्ते अल्लाहचे बंदे आहेत, त्याच्या आज्ञेने वागतात आणि त्यांना पुरुष किंवा स्त्री म्हणता येत नाही. त्यांना पंख किती, ते कुणावर भुलले, हे तिथे नाही. अकीद्यात काय घ्यायचं याची चाळणी किती बारीक होती ते या कंजूषपणातूनच कळतं.

त्यामागे कुरआनच्या अनेक आयती आहेत. सूरह तहरीमच्या सहाव्या आयतीत फरिश्ते आज्ञा मोडत नाहीत असं आहे. जिनांचं तसं नाही. ते आगीपासून निर्माण झाले आणि माणसासारखेच जबाबदार आहेत. त्यांच्यात ईमानवाले आहेत आणि मुन्किरही, हे सूरह जिनमध्ये त्यांच्याच तोंडून येतं. सहीह मुस्लिममध्ये आयेशांच्या रिवायतीत फरिश्ते नूरपासून, जिन धूर नसलेल्या ज्वाळेपासून, असा निर्मितीतला फरकही स्पष्ट आहे. हा पाया धरला की दारू पिणारे, खून करणारे फरिश्ते त्यात बसत नाहीत.

या कसोटीवर गोष्ट सर्वांत कठोरपणे घासली ती फखरुद्दीन राजी (मृत्यू 1210) यांनी. त्यांचे आक्षेप असे. फरिश्ते निष्पाप असतात, हे अनेक दाखल्यांनी ठरलेलं. शिवाय गोष्टीत त्यांना दोन शिक्षांतली एक निवडायला सांगितलं आहे. तौबा की शिक्षा अशी निवड देणं अल्लाहच्या दयेला अधिक शोभलं असतं, आयुष्यभर शिर्क करणाऱ्यालाही ती दिली जाते. आणि शिक्षा भोगत उलटे टांगलेले असताना ते लोकांना जादू शिकवतात, हे कसं? कुर्तुबी आणखी एक मुद्दा घालतात: ग्रह-तारे तर आकाशाच्या निर्मितीबरोबरच निर्माण झाले, मग माणसाच्या काळातल्या बाईची शुक्रचांदणी कशी होईल? सबत्याचे काजी इयाज (मृत्यू 1149) यांनी 'शिफा'मध्ये म्हटलं की याविषयी पैगंबरांकडून सहीह तर नाहीच, कमकुवत म्हणावं असंही काही आलेलं नाही.

हे सगळं वाचून वाटेल की विषय संपला. तो संपत नाही, आणि हे लपवणारा मार्गदर्शक मला भरवशाचा वाटत नाही. पंधराव्या शतकातले काहिराचे इब्न हजर अस्कलानी (मृत्यू 1449), हदीसशास्त्रातलं अतिशय वजनदार नाव, त्यांनी 'मुस्नद'च्या बचावात लिहिलेल्या पुस्तकात म्हटलं की या गोष्टीच्या इतक्या वाटा आहेत की त्या पाहणाऱ्याला ती घडली असावी अशी जवळजवळ खात्री व्हावी. त्या वाटा त्यांनी वेगळ्या टिपणात गोळाही केल्या होत्या. 'सहीह बुखारी'वरच्या सर्वांत प्रसिद्ध भाष्याचा हा लेखक असं म्हणतो, तेव्हा ते झटकून टाकता येत नाही.

तरीही मी इब्न कसीर यांच्या बाजूने आहे, आणि कारण रीतीतलंच आहे. वाटा पुष्कळ असल्या तरी त्यांतल्या मजबूत वाटा इब्न उमर आणि इतर सहाबींच्या स्वतःच्या बोलण्यावर किंवा कअब यांच्यावर थांबतात. शंभर माणसांनी एकाच माणसाकडून ऐकलेलं सांगितलं तर त्याने तसं सांगितलं एवढं पक्कं होतं. तो एक कुठून बोलत होता, हा प्रश्न तसाच राहतो.

अकीद्याची कसोटी एकटी वापरण्यातही धोका आहे. ती हातात घेतली की जे विचित्र वाटेल ते फेकून द्यायची सवय लागते, आणि विचित्र वाटणं हा काही निकष नाही. सहीह बुखारीतली अबू हुरैरा यांची हकीकत घ्या. जकातीचं धान्य राखताना त्यांनी एका चोराला तीन रात्री पकडलं. तिसऱ्या रात्री त्याने सुटकेच्या बदल्यात झोपण्यापूर्वी आयतल कुर्सी वाचायला शिकवलं. पैगंबरांनी सांगितलं की तो शैतान होता. तो मोठा खोटारडा, पण एवढं खरं बोलला. ऐकायला ही लोककथेसारखीच आहे, पण सनद पक्की आणि शब्द पैगंबरांचा, म्हणून आलिमांनी ती घेतली. यासाठी क्रम महत्त्वाचा: आधी आयत, मग सनद, मग अकीदा. नसफींच्या अकीद्यावरचं तफ्ताजानी (मृत्यू 1390) यांचं भाष्य हिंदुस्थानातल्या मदरशांत दर्से निजामीच्या अभ्यासक्रमात शतकानुशतकं शिकवलं गेलं. त्यातही हारूत-मारूत फरिश्तेच होते आणि त्यांच्याकडून कुफ्र किंवा मोठं पाप घडलं नाही, असा तोललेला निकाल येतो. आयत ठेवली, गोष्टीचं विष काढलं.

तीन कप्पे

जुन्या ग्रंथांच्या लोकांकडून आलेल्या मजकुराबद्दल बुखारीत दोन सूचना आहेत. बनी इस्राईलच्या गोष्टी सांगायला हरकत नाही, ही एक. त्यांना खरं म्हणू नका आणि खोटंही म्हणू नका, ही दुसरी. या दोन्ही मिळून इब्न तैमिया यांनी आणि त्यांचे शिष्य इब्न कसीर यांनी तीन कप्पे केले: कुरआन-हदीस ज्याला दुजोरा देते ते खरं; ज्याच्या विरुद्ध जाते ते खोटं; ज्याविषयी गप्प आहे ते सांगता येईल, पण त्यावर ईमान बांधता येत नाही आणि त्याला खोटंही ठरवता येत नाही.

इब्लीस आधी फरिश्ता होता की नाही, हा प्रश्न या कप्प्यांत टाकून पाहा. सूरह कहफच्या पन्नासाव्या आयतीत तो जिनांपैकी होता असं सरळ आहे. हसन बसरी यांचं ठाम मत की तो डोळ्याची पापणी लवण्याएवढा वेळही फरिश्ता नव्हता, आणि त्यांच्यापर्यंतची सनद पक्की. दुसरीकडे इब्न अब्बास यांच्या नावावर येतं की तो फरिश्त्यांतलाच, अजाजील नावाचा, मोठ्या मानाचा होता. इब्न कसीर याच आयतीखाली लिहितात की या विषयावर पूर्वजांकडून पुष्कळ आलं आहे आणि त्यातलं बरंचसं इस्राईलियात आहे. म्हणजे तो जिनांपैकी होता हे आयतीचं, अजाजील हे नाव आणि त्याचा पूर्वीचा हुद्दा तिसऱ्या कप्प्यातला.

मृत्यूच्या फरिश्त्याचंही तसंच. मलकुल मौत हा उल्लेख कुरआनात आहे. इजराईल हे घरोघरी माहीत असलेलं नाव मात्र कुरआनात नाही आणि सहीह हदीसमध्येही नाही, असं इब्न कसीर स्पष्ट सांगतात. त्याउलट इस्राफील हे नाव सहीह मुस्लिममधल्या रात्रीच्या नमाजच्या दुआत आहे. दोन्ही नावं आपण एकाच सुरात घेतो, त्यांचा आधार मात्र सारखा नाही.

जिनांच्या बाबतीत तिसरा कप्पा नेहमी ओसंडून वाहतो, कारण तिथे जुन्या ग्रंथांबरोबर जिवंत माणसांचे दावेही येऊन पडतात. अमक्याच्या अंगात जिन बोलला, त्याने चोरी कुणी केली ते सांगितलं, करणी कुणी केली ते सांगितलं. यासाठी बुखारीत आयेशांची रिवायत आहे: ज्योतिष्याच्या कानात जिन एखादी खरी गोष्ट टाकतो आणि तो तिच्यात शंभराहून अधिक खोट्या मिसळतो. जिन असतात हे मानणं वेगळं आणि जिनाच्या सांगण्यावर शेजाऱ्याला दोषी ठरवणं वेगळं. दुसऱ्याला कुठलाही आधार नाही.

इमाम शाफई यांचं मत इथे कामाला येतं, आणि कोकणातले मुसलमान शाफई मसलकाचे असल्याने ते आपल्याकडे जवळचंही आहे. जिन आपल्याला दिसतो असा दावा करणाऱ्याची साक्ष आपण रद्द करतो, तो नबी असेल तरच अपवाद, असं त्यांचं म्हणणं बैहकी यांनी नोंदवलं आहे. आधार सूरह आराफच्या सत्ताविसाव्या आयतीचा, जिच्यात शैतान आणि त्याची टोळी तुम्हाला पाहते पण तुम्ही त्यांना पाहू शकत नाही, असं आहे. इब्न हजर याची मर्यादाही सांगतात: हे जिनाला त्याच्या मूळ रूपात पाहिल्याचा दावा करणाऱ्यापुरतं आहे, प्राण्याच्या रूपातलं काही पाहिल्याचं सांगणाऱ्याला लागू नाही.

शेवटी ग्रंथांबद्दल. तबरी सनद देतात आणि बऱ्याचदा निवाडा तुमच्यावर सोडतात. त्यांनी दिलं म्हणजे त्यांनी मानलं असं नाही. सुयूती (मृत्यू 1505) यांचं 'अद्दुर्रुल मन्सूर' हे संकलन आहे, त्यात एका आयतीखाली डझनभर रिवायती एकापाठोपाठ येतात आणि सनदा गाळलेल्या असतात. सालबी (मृत्यू 1035) स्वतः भले गृहस्थ, पण रात्रीच्या अंधारात लाकडं गोळा करणाऱ्यासारखे हाताला लागेल ते उचलत, असा इब्न तैमिया यांचा शेरा. नबींच्या गोष्टींची लोकप्रिय पुस्तकं बरीचशी त्यांच्याच वाटेने गेली आहेत. म्हणून एखादी गोष्ट सुयूती किंवा सालबी यांच्यात सापडली की तीच आयत इब्न कसीर यांच्याकडे उघडून पाहा. बहुतेक वेळा तिथे सनदेवर दोन ओळींचा शेरा मिळतो.

आणि हारूत-मारूतची गोष्ट मुलांना सांगायचीच असेल, तर मुहद्दिसांनी घालून दिलेली शिस्त पाळा: जिची सनद पैगंबरांपर्यंत पक्की नाही, तिच्या आधी पैगंबरांनी सांगितलं हे शब्द यायचे नाहीत. कअब अल-अहबार नावाचे एक विद्वान होते, त्यांनी जुन्या पुस्तकांत वाचलेली ही गोष्ट आहे, अशी सुरुवात करा, आणि बाबिलच्या फरिश्त्यांपाशी आलात की कुरआनात इथपर्यंतच आहे, हे मधेच थांबून सांगा.